ताई, लाल वायर कापू का?

परदेशातल्या मावसबहिणीला किंवा आतेभावाला 'शनिवारी आपण ऑनलाइन काहीतरी खेळू या' असा मेसेज आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाठवलेला असतो. 'हो, नक्की!' असं उत्तरही येतं. मग शनिवार येतो आणि जातो. यात कुणाची अनास्था नसते. त्या मेसेजमध्ये ठरवलेलं काहीच नसतं, एवढंच. कुठला खेळ, तो कशावर चालतो, पैसे पडतात का, खातं उघडावं लागतं का, किती वाजता आणि कुणाच्या घड्याळाने, हे सगळं शोधायचं काम आपण समोरच्यावर टाकलेलं असतं. आठवडाभर नोकरी आणि घर सांभाळून दमलेली बहीण ते करत नाही, आणि तिने ते करावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

म्हणून मेसेज लिहिण्याआधी खेळ निवडावा. इथे मी एकाच खेळाबद्दल सांगणार आहे. दोन देशांत बसलेल्या दोघांना आठवड्यातून एकदा खेळायला त्याच्याइतका सोयीचा दुसरा खेळ मला माहीत नाही. त्याचं नाव 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स'. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या स्टील क्रेट गेम्स या छोट्या कंपनीने तो 2015 साली बाजारात आणला.

खेळ असा. एका खेळाडूच्या पडद्यावर ब्रीफकेससारखा एक बॉम्ब असतो. त्यावर उलटं चालणारं घड्याळ आणि वायरी, बटणं, चिन्हांच्या कळा असे वेगवेगळे भाग असतात. त्यातला प्रत्येक भाग घड्याळ शून्यावर यायच्या आत निकामी करायचा. तो कसा करायचा हे मात्र या खेळाडूला ठाऊक नसतं. ते सगळं दुसऱ्याच्या हातातल्या तेवीस पानी पुस्तिकेत असतं, आणि त्या दुसऱ्याला बॉम्ब दिसत नाही. एक बघतो, एक वाचतो. मध्ये असतं ते फक्त बोलणं.

ही कल्पना 2014 च्या जानेवारीत ग्लोबल गेम जॅममध्ये सुचली. ठरलेल्या दोन-तीन दिवसांत नवा खेळ तयार करायचा, असा हा जगभर भरणारा उपक्रम असतो. ओटावातल्या मंडळींकडे डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट होता. तो एकाने चढवला की बाकीच्यांना नुसतं उभं राहून बघत बसावं लागे. मग बघणाऱ्यांनाही काम द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. हेडसेट घातलेल्यालाच काय ते दिसेल, आणि त्याला लागणारी माहिती बाहेरच्यांकडे असेल. पुढे हा खेळ हेडसेटशिवाय साध्या संगणकावर आणि नंतर फोन-टॅबलेटवरही आला, पण ही विभागणी तशीच राहिली. एकाच खोलीतल्या माणसांसाठी शोधलेली ही युक्ती नाशिक आणि न्यू जर्सी यांच्यातही तितकीच चालते, कारण दुसऱ्याला पडदा दिसू नये ही तर खेळाचीच अट आहे.

सहकारी खेळांचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून जिंकायच्या किंवा हरायच्या खेळांचं, एक जुनं दुखणं आहे. मॅट लीकॉक यांचा 2008 सालचा 'पँडेमिक' हा अशा खेळांतला गाजलेला नमुना. त्यात सगळ्यांना सगळा पट दिसतो. त्यामुळे घरातला जो जास्त हुशार किंवा जास्त उतावळा असतो तो हळूहळू सगळ्यांच्या चाली सांगू लागतो आणि बाकीचे नुसत्या सोंगट्या हलवतात. भावंडांमध्ये तर हे हमखास घडतं. लहानपणी पत्त्यांच्या डावात 'अगं, तो नको टाकू, हा टाक' असं बजावणारा भाऊ वय वाढलं म्हणून गप्प बसत नाही. इथे त्याला तसं करताच येत नाही. पुस्तिका ज्याच्याकडे आहे तो कितीही हुशार असला तरी पिवळी वायर वर आहे की खाली, हे त्याला विचारावंच लागतं.

दुसरी सोय पैशांची. खेळ एकानेच विकत घ्यायचा असतो. पुस्तिका bombmanual.com या संकेतस्थळावर फुकट मिळते आणि ती पीडीएफ आहे. म्हणजे ज्याला बोलावतोय त्याने ना पैसे द्यायचे, ना काही बसवायचं, ना खातं उघडायचं. माझं मत स्पष्ट आहे: सुचवणाऱ्याने खेळ विकत घ्यावा आणि पहिल्या दिवशी बॉम्ब स्वतःकडे ठेवावा.

आता मेसेज. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीला मी पाठवला तो असा होता:

"ताई, शनिवारच्या फोनसाठी एक खेळ सापडलाय. दोघींनी मिळून खेळायचा, एकमेकींविरुद्ध नाही. खेळ मी घेतलाय, तुला काही विकत घ्यायचं नाही की डाउनलोड करून बसवायचं नाही. माझ्या लॅपटॉपवर एक कोडं दिसेल, ते सोडवायचे नियम तुझ्याकडच्या पुस्तिकेत असतील, आणि आपण फोनवर नुसतं बोलायचं. पुस्तिका bombmanual.com वर आहे. ती उघडून ठेव, आधी वाचायची गरज नाही. येत्या शनिवारी तुझे सकाळचे 10, माझे संध्याकाळचे साडेसात. पाऊण तास, त्याहून जास्त नाही. व्हिडिओ बंद, साधा कॉल. जमत नसेल तर रविवारी याच वेळेला. भावजींना हवं असेल तर त्यांनाही बसव, पुस्तिका दोघांनी वाचली तरी चालतं."

या मेसेजमधल्या एक-दोन गोष्टी मुद्दाम तशा लिहिल्या आहेत. 'बॉम्ब' हा शब्द संकेतस्थळाच्या पत्त्याखेरीज कुठे येत नाही आणि तो पत्ताही खेळ, लॅपटॉप, पुस्तिका हे सगळं सांगून झाल्यावर येतो. फोनच्या पडद्यावर मेसेजची पहिली ओळच दिसते. ती परक्या देशात, कार्यालयात किंवा विमानतळावर कुणाच्याही नजरेला पडू शकते. खेळतानाही हे भान ठेवावं. 'बॉम्बला दोन मिनिटं उरलीत' हे वाक्य ट्रेनमध्ये बसून मोठ्याने बोलायचं नाही. घरातूनच खेळा.

वेळ दोन्ही घड्याळांप्रमाणे लिहिली आहे. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि अंतर साडेदहा तासांचं होतं, ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. आपल्याकडे घड्याळ कधीच हलत नाही, म्हणून आपण हे विसरतो आणि नोव्हेंबरात एक शनिवार हमखास चुकतो. त्यापेक्षा कुणाचं घड्याळ धरायचं ते आधीच ठरवून टाकावं. आम्ही ताईचं धरलं. तिचे दहा कायम, माझे हिवाळ्यात साडेआठ.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येऊ. पहिला बॉम्ब सोपा असतो. तीन भाग आणि पाच मिनिटं. बॉम्ब ज्याच्याकडे आहे त्याने लगेच वायरींचं वर्णन सुरू करायचा मोह टाळावा. आधी बॉम्ब चारही बाजूंनी फिरवून बघावा आणि कडेला काय आहे ते सांगून टाकावं: अनुक्रमांक काय, बॅटऱ्या किती, कुठले दिवे पेटलेत. पुस्तिकेतले बरेच नियम या माहितीवर चालतात. ती आधी घेतली नाही तर दर भागापाशी बॉम्ब पुन्हा उलटा करावा लागतो आणि सेकंद वाया जातात. पुस्तिकावाल्याने ती एका कागदावर लिहून समोर ठेवावी.

वायरींचा भाग घेऊ. समजा पडद्यावर चार वायरी आहेत. वरून खाली: लाल, निळी, लाल, पिवळी. अनुक्रमांकाचा शेवटचा आकडा 7. पुस्तिकेत चार वायरींसाठी एकाखाली एक नियम दिलेत. ते वरून वाचत जायचं आणि लागू होणारा पहिला नियम पाळून थांबायचं. पहिला नियम: एकाहून जास्त लाल वायरी असतील आणि अनुक्रमांकाचा शेवटचा आकडा विषम असेल, तर शेवटची लाल वायर कापा. इथे लाल दोन आहेत आणि 7 विषम आहे. म्हणजे तिसरी वायर कापायची. भाग निकामी.

आता वायरी त्याच ठेवा, फक्त शेवटचा आकडा 7 ऐवजी 8 करा. पहिला नियम गळून पडला. दुसरा म्हणतो, शेवटची वायर पिवळी असेल आणि लाल एकही नसेल तर पहिली कापा. शेवटची पिवळी आहे खरी, पण लाल आहेत, म्हणून हाही नाही. तिसरा: निळी वायर बरोबर एकच असेल तर पहिली कापा. निळी एकच आहे. म्हणजे आता उत्तर पहिली वायर. डोळ्यांपुढे तेच चित्र असताना कडेवरच्या एका आकड्याने उत्तर बदललं. बॉम्ब आधी फिरवून बघायचा तो याचसाठी.

चूक कुठे होते तेही इथेच दिसतं. ताई पुस्तिकेतून म्हणते, 'शेवटची लाल काप.' घाईत मला 'शेवटची' एवढंच ऐकू येतं आणि मी चौथी, पिवळी वायर कापते. लाल दिवा लागतो, एक चूक नोंदली जाते आणि घड्याळ आणखी वेगाने पळू लागतं. सहसा तिसऱ्या चुकीला स्फोट होतो. यावर उपाय म्हणजे रंगाने सांगायचंच नाही, वरून कितवी ते सांगायचं. 'वरून तिसरी.' आणि कापणाऱ्याने कापण्याआधी ते परत बोलायचं: 'वरून तिसरी, लाल. कापू का?' 'काप.' याला दोन सेकंद जातात. चूक झाली तर मात्र उरलेला सगळा वेळच आक्रसतो.

बटणाच्या भागात या खेळाची रचना किती विचारपूर्वक केलेली आहे ते कळतं. समजा बटण निळं आहे आणि त्यावर ABORT लिहिलंय. पुस्तिका सांगते, दाबून धरा. दाबल्यावर शेजारी एक रंगीत पट्टी उजळते. ती पिवळी असेल तर घड्याळात कुठल्याही जागी 5 असताना बटण सोडायचं. निळी असेल तर 4, आणि बाकी सगळ्या रंगांना 1. समजा घड्याळात 2:31 आहे आणि पट्टी पिवळी. पुढचा 5 येतो 2:25 ला, तेव्हा सोडायचं. आता फोनवरचा आवाज अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो, हे परदेशी कॉल करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. बहुतेक ऑनलाइन खेळ अशा उशिरामुळे बिघडतात. इथे घड्याळ आणि बटण एकाच माणसाकडे आहेत. ताईने 'पाच दिसला की सोड' एवढं सांगितलं की तिचं काम संपलं. नेमका क्षण मला साधायचा असतो, आणि माझ्या डोळ्यांपासून माझ्या बोटापर्यंत काही उशीर नाही. इंटरनेट मंद असलं तरी खेळ अडत नाही तो यामुळेच.

मला सगळ्यात आवडतो तो चिन्हांचा भाग. चार कळांवर चार विचित्र चिन्हं असतात. काही ग्रीक, काही जुन्या स्लाव्ह लिप्यांतली, काही नुसत्याच खुणा. पुस्तिकेत अशा चिन्हांचे सहा उभे स्तंभ दिलेत. चारही चिन्हं एकत्र असलेला स्तंभ एकच असतो. तो शोधायचा आणि त्यात वरून खाली ज्या क्रमाने ती येतात त्या क्रमाने कळा दाबायच्या. या चिन्हांना नावंच नाहीत, निदान आपल्याला माहीत असलेली नाहीत, त्यामुळे ती वर्णनानेच सांगावी लागतात.

एक डाव सांगते. माझ्यासमोर ☆, ¿, Ͽ आणि Ϙ अशा चार कळा होत्या. पहिली म्हणजे पोकळ चांदणी. 'पोकळ' म्हणणं भाग आहे, कारण पुस्तिकेत भरीव ★ सुद्धा आहे, वेगळ्या स्तंभात. दुसरी म्हणजे डोक्यावर उभं केलेलं प्रश्नचिन्ह. एवढ्यावर ताईचं शोधणं संपायला हवं, कारण पोकळ चांदणी दोनच स्तंभांत आहे, उलटं प्रश्नचिन्ह दोनच स्तंभांत आहे, आणि दोन्ही एकत्र आहेत ती फक्त दुसऱ्या स्तंभात. उरलेली दोन चिन्हं ताडून बघायला. तिसरं होतं उलटा इंग्रजी सी आणि त्याच्या पोटात टिंब. इथेही जपावं लागतं, कारण सुलटा सी आणि पोटात टिंब, म्हणजे Ͼ, हे वेगळं चिन्ह पाचव्या स्तंभात बसलेलं आहे. चौथं म्हणजे खाली दांडी असलेला गोल. दुसऱ्या स्तंभात वरून बघितलं तर क्रम असा: दांडीचा गोल, उलटा सी, पोकळ चांदणी, उलटं प्रश्नचिन्ह. चार कळा दाबल्या, हिरवा दिवा.

या भागात सुरुवातीला गोंधळ होतोच, कारण एकाला जे 'घोड्याची नाल' वाटतं ते दुसऱ्याला वाटत नाही. वर्णन करणारी व्यक्ती 'ते बघ, ते फुलासारखं' म्हणत अडकली की समजावं, घाईत आकाराऐवजी स्वतःला काय आठवलं ते सांगितलं जातंय. मग भागांनी सांगायचं: उभी रेघ आहे का, कुठल्या बाजूला उघडं आहे, टिंब आहे का, किती. दोन-तीन शनिवारांत भावंडांची स्वतःची नावं तयार होतात आणि ती टिकतात. आमच्या घरात Ω ला आता 'उंबरठा' म्हणतात, त्याच्या खालच्या दोन पायांमुळे. बाहेरच्या कुणाला ते कळणार नाही, पण ताईला एका शब्दात कळतं आणि चार सेकंद वाचतात.

एक अडचण मात्र आहे. पुस्तिका इंग्रजीत आहे आणि शब्दांचा एक भाग तर इंग्रजी उच्चारांवरच बेतलेला आहे. त्यात YOUR, YOU'RE, UR असे कानाला सारखे वाटणारे शब्द वेगवेगळे धरले जातात. पडद्यावर काही नसणं आणि BLANK हा शब्द असणं हेही वेगळं. बोलणं मराठीत ठेवा, पण असे शब्द आले की अक्षरं सुटी सांगा: 'वाय, ओ, यू, आर. मध्ये खूण नाही. चार अक्षरं.' किती अक्षरं ते सांगायची सवय लावली तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो. इंग्रजीची सवय नसलेल्या मावशीला किंवा काकांना खेळात घ्यायचं असेल तर त्यांना आठवणीचा भाग द्यावा. त्यात एक ते चार एवढेच आकडे असतात आणि पाच पायऱ्या. दर पायरीला आपण कितव्या जागेवरची, कुठल्या आकड्याची कळ दाबली हे लक्षात ठेवावं लागतं, कारण पुढचे नियम 'पहिल्या पायरीला दाबलेल्या जागेवरचीच दाबा' असे मागे बघणारे असतात. कागदावर दोन स्तंभ आखायचे, एकात जागा, एकात आकडा, आणि लिहीत जायचं. ज्यांनी आयुष्यभर किराण्याचा हिशेब वहीत ठेवलाय त्यांच्याइतकं हे काम नीट कुणी करत नाही.

खेळ जमतोय की नाही हे कसं ओळखायचं? स्फोट झाला म्हणून खेळ बिघडला असं नाही. सुरुवातीचे बॉम्ब फुटतात आणि लगेच दुसरा लावता येतो. बिघडल्याची खूण वेगळी असते. पुस्तिकावाली व्यक्ती प्रश्न विचारायचं थांबते आणि नुसती वाट बघत बसते, तेव्हा समजावं, बॉम्ब ज्याच्याकडे आहे तो फार बोलतोय. किंवा बॉम्बवाला गप्प होतो आणि पलीकडून पानं उलटल्याचे आवाज येत राहतात. तेव्हा पुस्तिकेची मांडणी अजून पक्की झालेली नसते. अशा वेळी घड्याळ नसताना पंधरा मिनिटं दोघांनी पानं चाळावीत. कुठला भाग कुठल्या पानावर आहे एवढं माहीत झालं तरी पुरे. पीडीएफ फोनवर वर-खाली सरकवत शोधण्यापेक्षा जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतलेली पानं कितीतरी सोयीची पडतात. पहिल्या पानावर आवृत्ती 1 आणि पडताळणी क्रमांक 241 असल्याची खात्री करून घ्या. इंटरनेटवर लोकांनी बनवलेल्या इतर पुस्तिकाही फिरतात. चुकीची हाती पडली तर प्रत्येक उत्तर चुकत जातं आणि कारण सापडत नाही.

भूमिका बदलायची असेल तर मर्यादा सांगायला हवी. बॉम्ब ज्याच्या संगणकावर आहे त्यालाच दिसतो, म्हणून ताईला कधी बॉम्ब हाताळायचा असेल तर तिलाही खेळ घ्यावा लागेल. पहिल्या दिवशी हे सांगायची गरज नाही. तिने आपणहून 'एकदा मला बघायचंय' म्हटलं की सांगावं.

नियम ठरलेले असल्यामुळे काही महिन्यांनी पुस्तिकावाल्याला वायरींची उत्तरं तोंडपाठ होतात. तोवर भाग वाढवत न्यावेत. खेळात भागांची संख्या आणि वेळ आपण ठरवू शकतो. अकरा भागांचा बॉम्ब पाठांतरावर सुटत नाही. आणि ज्या आठवड्यांत दोघांची वेळच जुळत नाही, दिवाळी, परीक्षा, कुणाचं आजारपण, त्या आठवड्यांसाठी अँटवान बोझा यांचा 'हानाबी' हा पत्त्यांचा सहकारी खेळ बोर्ड गेम अरेना या संकेतस्थळावर आहे. त्यात आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, फक्त समोरच्याला दिसतात, आणि एकमेकांना मोजक्या खुणा देत फटाक्यांच्या रांगा लावायच्या असतात. तो एकेक चाल करत, दिवसाला एक अशाही गतीने खेळता येतो. ताई सकाळी ऑफिसला जाण्याआधी एक खूण देते, संध्याकाळी मला ती दिसते, आणि मी रात्री झोपण्याआधी माझा पत्ता टाकते.